‘ही सिस्टीम मी उभारली’ असं दोघंही म्हणतात तेव्हा

प्रश्न : नमस्कार. नागपुरात आयटी पार्कजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी ९ जणांची टीम सांभाळतो. एका वाहतूक कंपनीसाठी आम्ही ट्रकांचं रोजचं नियोजन करणारी सिस्टीम केली. रात्रीच्या नियोजनाला आधी ४ तास लागायचे, आता २० मिनिटं लागतात. टीममध्ये दोन सीनियर आहेत, त्यांना क मॅडम आणि ख सर म्हणतो. शहराचे विभाग पाडून हिशोब करायची पद्धत क मॅडमनी काढली आणि पायथॉनमध्ये नमुना केला. एका डेपोवर तो ५० मिनिटांत चालला. ख सरांनी ते सगळं जावामध्ये नव्याने लिहिलं, डिलिव्हरीच्या ठरलेल्या वेळांची अडचण सोडवली, सगळ्या डेपोंवर चालू केलं आणि ४ महिने रात्री-बेरात्री फोन घेतले. ग्राहकापुढे गेलेल्या स्लाइडवर ‘रचना आणि अंमलबजावणी : ख’ एवढंच होतं. ती स्लाइड घाईत मीच केली होती. आता अप्रेझलच्या फॉर्ममध्ये दोघांनीही ‘ही सिस्टीम मी उभारली’ असं लिहिलंय आणि वरची जागा एकच आहे. क मॅडम आता ख सरांचा कोड तपासत नाहीत. ख सर प्रत्येक मीटिंगमध्ये ‘माझ्या डिझाइनप्रमाणे’ अशी सुरुवात करतात. दोघांना एकदा समोरासमोर बसवलं तर आवाज चढले. ज्युनियर पोरंसुद्धा आता चहाला दोन वेगळ्या टपऱ्यांवर जातात. काय करू?
— एक टीम लीड, नागपूर

उत्तर : सगळ्यात आधी, दोघांना इतक्यात पुन्हा एका खोलीत बसवू नका. “शनिवारी सावजी खायला घेऊन जा दोघांना, मोकळं होऊन जाईल सगळं” असं तुम्हाला एव्हाना कुणीतरी सांगितलं असेलच. जेवण झकास होईल, पण सोमवारी स्लाइडवरची ओळ तीच असेल आणि फॉर्ममधलं वाक्यही तेच. हे भांडण स्वभावाचं असतं तर जेवणाने थोडं निवळलं असतं. हे नोंदीचं भांडण आहे. नोंद चुकीची आहे आणि ती दुरुस्त करायचा अधिकार तुमच्याकडे आहे, त्या दोघांकडे नाही.

माझा अंदाज असा, की दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नाहीये. ‘उभारली’ या एका क्रियापदात चार-पाच वेगवेगळी कामं कोंबली आहेत आणि प्रत्येकाला त्यातलं स्वतःचं काम ठळक दिसतं. यावर एक जुना आणि गाजलेला अभ्यास आहे. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांच्या उत्तरांची बेरीज केली की बहुतेक ठिकाणी ती शंभर टक्क्यांच्या वर जायची. यात बढाई मारायचा हेतू असतोच असं नाही. आपण काय केलं ते आपल्याला तपशिलासकट आठवतं, समोरच्याने काय केलं त्यातलं निम्मं आपण पाहिलेलंच नसतं. ख सर रात्री दोन वाजता फोनवर होते तेव्हा क मॅडम झोपलेल्या होत्या. क मॅडम पहिले कितीतरी दिवस वहीत विभाग पाडून खोडत होत्या, तेव्हा ख सर दुसऱ्याच प्रोजेक्टवर असतील. एकमेकांचं काम दोघांनी पाहिलेलंच नाही.

म्हणून पहिला आठवडा तुमच्या एकट्याचा. दोघांशी या विषयावर न बोलता जुने पुरावे काढा आणि वाचा.

इथे एक मोठा सापळा आहे. तुमची कंपनी सॉफ्टवेअरची, त्यामुळे पहिला मोह होईल तो गिटवरून मोजणी करायचा. असं काहीतरी चालवून पाहाल :

```
git shortlog -sn --no-merges HEAD
```

यातून प्रत्येकाच्या नावावर किती कमिट आहेत ते कळतं. तुमच्या बाबतीत हा आकडा जवळपास निरुपयोगी आहे. नमुना पायथॉनमध्ये होता, बहुधा वेगळ्या रिपॉझिटरीत. जावामध्ये लिहिताना त्याचा इतिहास सोबत आलाच नाही. त्यामुळे आजच्या रिपॉझिटरीत क मॅडमचं नाव शून्याच्या आसपास दिसेल आणि ख सर तो आकडा हातात घेऊन तुमच्याकडे येतील. कमिटची संख्या ही सवयीची गोष्ट आहे, एखादा दिवसाला दहा करतो, दुसरा आठवड्याला एक. एका ओळीमागचं नाव दाखवणारं ‘ब्लेम’ही शेवटचा हात कुणाचा लागला एवढंच सांगतं. कुणी सगळ्या फायलींचं फॉर्मॅटिंग एकदा बदललं की सगळ्या ओळी त्याच्या नावावर जातात. फार तर मोकळ्या जागांचे बदल आणि इकडून तिकडे हलवलेल्या ओळी ओळखायला लावता येतात, पण पायथॉनची कल्पना जावात कशी आली हे कोणताही पर्याय सांगू शकत नाही.

गिटचा खरा उपयोग मोजायला नाही, क्रम वाचायला आहे. दोन्ही रिपॉझिटरींत हे चालवा :

```
git log --reverse --date=short --format='%ad %an %s'
```

तारीख, नाव, काय केलं. कथेसारखं वरून खाली वाचत जा. त्याच्या शेजारी डिझाइनच्या कागदाच्या जुन्या आवृत्त्या ठेवा, कोड तपासताना लिहिलेले शेरे ठेवा, तिकिटं ठेवा आणि रात्री काय बिघडलं होतं त्याच्या नोंदी ठेवा. तुम्हाला शोधायचे आहेत ते वळणाचे क्षण : कोणत्या दिवशी काम अडलं होतं आणि कुणाच्या कोणत्या सूचनेने सुटलं. अशी वळणं एका प्रोजेक्टमध्ये चार-सहाच निघतात. त्यातलं एखादं तिसऱ्याच माणसाचं निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. डेपोंचे चुकीचे पिनकोड दुरुस्त करणारी एखादी ज्युनियर मुलगी हमखास सापडते, जिचं नाव या अख्ख्या भांडणात कुणीच घेतलेलं नसतं.

आता खऱ्या वादाच्या जागी येऊ. ‘मूळ कल्पना कुणाची’ यावर दोघं भिडणार, म्हणून ती कल्पना नेमकी काय आहे हे तुम्हाला स्वतःला स्वच्छ कळलेलं हवं. एका ट्रकला १० ठिकाणी जायचं असेल तर ती ठिकाणं ३६,२८,८०० वेगवेगळ्या क्रमांनी घेता येतात. तेच दोन विभाग करून ५-५ ठिकाणं वाटली तर प्रत्येक विभागात १२० क्रम, दोन्ही मिळून २४०. प्रत्यक्षात कोणतंही सॉफ्टवेअर सगळे क्रम तपासत बसत नाही, पण विभाग पाडल्याने डोंगर का खाली येतो ते यावरून कळतं. ही क मॅडमची कल्पना, आणि तिच्याशिवाय पुढचं काहीच नव्हतं.

पण विभाग पाडले की त्याची किंमतही मोजावी लागते. इतवारीच्या दुकानदाराला माल सकाळी अकराच्या आत हवा असेल आणि त्या विभागाचा ट्रक नेमका तेव्हा भरलेला असेल, तर शेजारच्या विभागातला रिकामा ट्रक नुसता उभा राहतो, कारण मधे रेघ आहे. एका डेपोच्या नमुन्यात हे दिसत नाही. सगळे डेपो आणि खऱ्या वेळा आल्या की पहिल्याच आठवड्यात दिसतं. ख सरांनी सोडवलेली अडचण याच जातीची असणार : कोणती ठिकाणं रेघ ओलांडून शेजाऱ्याला द्यायची आणि कोणत्या वेळेला. म्हणजे ही दुसरी कल्पना आहे. ती ‘नुसती अंमलबजावणी’ म्हणण्यासारखी नाही आणि पहिलीशिवाय तिला अर्थही नाही. तुमच्या कागदांमध्ये हेच निघालं तर अर्धं भांडण तिथेच संपतं, कारण दोघं एकाच कल्पनेवर हक्क सांगत होते आणि कल्पना मुळात दोन होत्या.

दोन कल्पना अशा वेगळ्या झाल्यावर लगेच कुणीतरी म्हणेल, “मग टक्के लावून टाका.” लावू नका. तुमच्याच आकड्यांवर करून बघा. २४० मिनिटांवरून ५० वर आलं म्हणजे १९० वाचली, ५० वरून २० वर आलं म्हणजे ३० वाचली. या हिशोबाने क मॅडमचा वाटा ८६ टक्के. पटीत मोजलं तर पहिल्या टप्प्यात वेग ४.८ पट झाला, दुसऱ्यात २.५ पट. आता फरक बराच कमी दिसतो. आणि ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर सगळ्या डेपोंवर चालू झालं नसतं तोवर त्याच्या हातात काहीच नव्हतं, म्हणजे सगळं ख सरांचं. नमुन्याची ५० मिनिटं एकाच डेपोची होती हे बाजूला ठेवलं, तरी तिन्ही हिशोब आपापल्या जागी बरोबर आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी. एकाच्या कामावर दुसऱ्याचं काम उभं असलं की त्याची बेरीज-वजाबाकी होत नाही. ६०-४० असं काही बोललात तर ते ६० आणि ४० पुढची पाच वर्षं ऑफिसात फिरत राहतील.

दुसऱ्या आठवड्यात दोघांना वेगवेगळं भेटा, प्रत्येकी पाऊण तास. कंपनीतली काचेची केबिन टाळा, बाहेरून सगळ्यांना दिसते. सुरुवात अशी करा : “मॅडम, तुमचं काम मी वाचून आलोय, त्यावर बोलूच. आधी मला ख सरांनी केलेल्या अशा तीन गोष्टी सांगा, ज्या झाल्या नसत्या तर हे चाललं नसतं.” आणि गप्प बसा. पहिलं उत्तर तुसडं येईल, “त्यांनी? त्यांनी माझा कोड जावात टाइप केला, अजून काय?” थांबा. दुसरं आणि तिसरं उत्तर सहसा खरं असतं. ख सरांनाही हाच प्रश्न. ते म्हणतील, “नमुना काय बावा, नमुने तर कोणीही करतो, रात्री दोनले फोन कोणाले येत होता ते विचारा.” हे ऐकून घ्या, लिहून घ्या आणि पुन्हा तोच प्रश्न विचारा.

या युक्तीची मर्यादाही माहीत असू द्या. युजीन करुसो, निकोलस एपली आणि मॅक्स बेझरमन यांनी २००६ मध्ये दाखवलं, की इतरांचं योगदान एकेक करून आठवायला लावलं की माणसाचा स्वतःबद्दलचा फुगलेला दावा खाली येतो. पण ज्यांनी खरोखरच जास्त काम केलेलं असतं त्यांना हे केल्यावर एकत्र काम करण्यात आधीइतका आनंद वाटत नाही. म्हणून हा प्रश्न एकट्यातच विचारायचा, सगळ्या टीमसमोर त्याचा खेळ करायचा नाही. आणि तो विचारून झाल्यावर त्यांचं स्वतःचं काम पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय उठायचं नाही.

यानंतर तुम्ही एक पान लिहायचं. विशेषणं काढून टाका, क्रियापदं ठेवा. विज्ञानाच्या जर्नलांनी हा प्रश्न असाच सोडवायचा प्रयत्न केला आहे. लेखकांच्या नावांच्या क्रमावरून तिथेही मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची यादी आली. त्यात कल्पना मांडणं वेगळं, पद्धत ठरवणं वेगळं, सॉफ्टवेअर लिहिणं वेगळं, निकाल पडताळणं वेगळं, माहिती साफ करून सांभाळणं वेगळं. एकाच भूमिकेत दोघांची नावं येऊ शकतात. नीरीमध्ये किंवा कापूस संशोधन संस्थेत कुणी ओळखीचं असेल तर विचारून बघा. तुम्हाला १४ लागणार नाहीत, सहा-सात ओळी पुरतील. अशा :

“विभाग पाडून नियोजन करण्याची पद्धत क यांनी मांडली आणि एका डेपोच्या माहितीवर नमुना करून ती चालते हे दाखवलं. ठरलेल्या वेळांमुळे विभागांच्या सीमेवर येणारी अडचण ख यांनी शोधली आणि सोडवली. अंतिम सिस्टीम ख यांनी जावामध्ये लिहिली, तिचे नियोजनाचे भाग क यांनी तपासले. सर्व डेपोंवर चालू करणं आणि पहिल्या ४ महिन्यांची रात्रीची जबाबदारी ख यांची.” आणि माहिती दुरुस्त करणाऱ्या ज्युनियरची ओळ, नावासकट.

यात ‘मुख्य’, ‘महत्त्वाची’, ‘मदत केली’ असे शब्द नाहीत, ते पाहा. ‘मदत केली’ हा सगळ्यात घातक. तो लिहिणाऱ्याला मोठं मन दाखवल्यासारखं वाटतं आणि वाचणाऱ्याला हाकलल्यासारखं.

आता दोघांना एकत्र बसवा, अर्धा तास. पान दोघांना आदल्या दिवशी वाचायला दिलेलं असावं. नियम एकच : ओळ बदलायची असेल तर त्यासाठी तारीख असलेला काहीतरी कागद दाखवायचा. “मला आठवतं” चालणार नाही, तुम्हालाही नाही. एखाद्या ओळीवर शेवटपर्यंत एकमत झालं नाही तर तुम्ही ठरवा आणि तसं सांगा : “या ओळीवर तुमचं जमत नाहीये, कागद पाहून मी असं लिहितोय, निर्णय माझा आहे.” सीनियर माणसांना नापसंत निर्णय पचतो. लोंबकळत ठेवलेला पचत नाही.

या बैठकीत एकजण हमखास म्हणतो, “जाऊ द्या सर, माझं नावच काढून टाका.” याला मनधरणीने उत्तर देऊ नका. “नाव काढलं तर नोंद खोटी होईल, म्हणून काढता येणार नाही” एवढं शांतपणे सांगा आणि पुढच्या ओळीवर जा.

आणि समजा, माझा पहिला अंदाज चुकला आणि कुणीतरी खरंच लबाडी करतंय. ते ओळखता येतं. प्रामाणिक माणूस कागद दाखवला की थबकतो, “अरे हो, हे आधी झालं होतं का?” म्हणतो. दुसरा कागद पाहून गोष्टच बदलतो. डिझाइनच्या कागदावरचं आधीचं नाव नंतरच्या आवृत्तीत गायब झालेलं दिसतं. आणि ज्युनियरना हळूच विचारलं तर तेच आधीही झालेलं असतं, त्यांच्यासोबत. तसं निघालं तर ही समेटाची गोष्ट उरत नाही. मग तुमच्या वरिष्ठांशी आणि एचआरशी बोला, कागद घेऊन.

पान पक्कं झालं की ते जिथे चूक झाली तिथे पोहोचलं पाहिजे. टीमच्या ग्रुपवर दोन ओळी टाकून भागणार नाही, कारण स्लाइड ग्राहकाने आणि तुमच्या वरिष्ठांनी पाहिली. त्याच लोकांना मेल पाठवा. “त्या दिवशीची स्लाइड मी तयार केली होती आणि तिच्यावरची नावं अपुरी होती. दुरुस्त स्लाइड सोबत जोडली आहे.” बस. घाई होती, गैरसमज झाला वगैरे काही नको. ख सरांना हा मेल आधी दाखवा आणि स्वच्छ सांगा, की चूक तुमची होती, त्यांनी काही लाटलं असा अर्थ यातून निघत नाही. इतके दिवस त्यांना आतून ही भीती असणार, की दुरुस्ती झाली म्हणजे आपण चोर ठरलो. ‘माझ्या डिझाइनप्रमाणे’ हे पालुपद त्या भीतीतूनच येत असेल तर या एका वाक्याने ते आपोआप कमी होईल.

राहिली वरची जागा. ती या भांडणाची भरपाई म्हणून देऊ नका. जिचं नाव स्लाइडवरून गेलं तिला जागा दिली किंवा ज्याने रात्री जागून काढल्या त्याला दिली, दोन्ही वेळा उरलेला माणूस हेच समजेल, की श्रेयाचा निकाल असा लागला. तेच पान दोघांच्याही फॉर्मला जोडा, ‘मी उभारली’ हे वाक्य दोघांकडूनही बदलून घ्या, आणि जागेचा विचार पुढे काय लागणार आहे त्यावरून करा. पुढच्या वर्षी नव्या पद्धती शोधायच्या असतील तर निकष वेगळे, चालू सिस्टीम दहा ग्राहकांकडे न्यायची असेल तर वेगळे. निवड तुमच्या हातात नसेल तर ज्यांच्या हातात आहे त्यांना हे पान निवडीच्या आधी मिळेल एवढं बघा. ज्यांना जागा मिळणार नाही त्यांना ते तुमच्या तोंडून कळायला हवं. नागपुरातलं आपलं आयटीचं वर्तुळ केवढंसं, मिहानमधल्या कुणाकडून तरी आधीच कळलं तर राजीनामा आलाच म्हणून समजा.

पुढच्या कामासाठी फार नियम करू नका, दोनच पुरतील. एकाचा नमुना दुसरा नव्याने लिहीत असेल तर पहिल्या कमिटमध्ये मूळ माणसाचं नाव जायलाच हवं. गिटमध्ये त्याची सोय आहे, संदेशाच्या शेवटी एक ओळ रिकामी सोडून :

```
Co-authored-by: Name <name@example.com>
```

गिटहब, गिटलॅब यांसारख्या ठिकाणी मग दोन्ही नावं दिसतात. दुसरं, सादरीकरण कुणीही करो, स्लाइडवरची नावं आदल्या दिवशी त्या कामातल्या सगळ्यांना वाचायला जातात. तुम्ही केलेल्या स्लाइडसुद्धा.

मेल गेल्यावर तीन-चार आठवडे एकाच गोष्टीवर लक्ष ठेवा : क मॅडम ख सरांचा कोड पुन्हा तपासायला लागल्या का, आणि शेरे कामाचे आहेत का. पोरं कोणत्या टपरीवर जातात त्याची चिंता नको, ती हवेप्रमाणे फिरतात. महिना उलटूनही तपासणी सुरू झाली नाही, तर ती सक्तीने करायला लावू नका. नियोजनाचा भाग एकाकडे आणि डेपोंकडून येणाऱ्या माहितीचा भाग दुसऱ्याकडे असं काम वाटून द्या, मधला करार लेखी ठेवा. दोघं मित्र होण्याची गरज नाही. आणि फॉर्म वर पाठवायची तारीख कोणती ते आजच बघून ठेवा, दोन आठवडे मोकळे मिळत नसतील तर वरिष्ठांकडून मुदत आत्ताच मागून घ्या.